उच्चांकावरची फसवी झेप : काय करावे, काय टाळावे

१४ एप्रिल २०२१ रोजी बिटकॉइन ६४,८०० डॉलरच्या आसपास पोहोचले. तोवरचा तो सर्वोच्च भाव होता. त्याच दिवशी कॉइनबेस हे अमेरिकी एक्स्चेंज नॅसडॅकवर सूचीबद्ध झाले. बरोबर पाच आठवड्यांनी, १९ मे रोजी, भाव ३० हजारांना टेकला. या पाच आठवड्यांत विकायला वेळ होता आणि भावही बरा मिळत होता. ज्यांनी तेव्हा विकले नाही, त्यांतल्या बहुतेकांना माथा ओळखता आला नाही याचे दुःख आहे. माझ्या मते दुःख चुकीच्या गोष्टीचे आहे. माथा त्या दिवशी कुणालाच ओळखता येत नसतो. दोन आठवड्यांनी मात्र तो स्पष्ट दिसत होता, आणि तेव्हा दिसणे पुरेसे होते.

आधी प्रकार काय असतो ते सांगतो. लांबलेल्या तेजीनंतर भाव एका पट्ट्यात अडकतो. वर गेला की विक्री येते, खाली आला की खरेदी. या वर-खाली होण्यात, स्वस्तात घेऊन ठेवलेला मोठ्यांचा माल उशिरा आलेल्या खरेदीदारांच्या हातात जातो. याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. पट्टा पिकत आला की कधी कधी भाव जुन्या उच्चांकांच्या वर झेप घेतो, थोडे दिवस तिथे राहतो आणि पुन्हा पट्ट्यात येऊन पडतो. ती झेप म्हणजे अपथ्रस्ट. अमेरिकेत शेअर बाजाराचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड वायकॉफ यांच्या शिकवणीतून हे वाचन आले. वायकॉफ १९३४ साली वारले, म्हणजे क्रिप्टोशी त्यांचा काही संबंध नाही; पण ज्या कारणाने हे घडते ते कारण दोन्हीकडे एकच आहे.

कारण असे. मोठ्या विक्रेत्याला हवे तेव्हा सगळा माल विकता येत नाही, कारण तेवढे खरेदीदारच एका भावाला उभे नसतात. उच्चांकाच्या जरा वर मात्र खरेदीच्या ऑर्डरी दाटीने बसलेल्या असतात. शॉर्ट केलेल्यांचे स्टॉप-लॉस तिथे असतात, आणि ब्रेकआऊट झाला की घेणार असे ठरवून बसलेल्यांच्या ऑर्डरीही तिथेच असतात. भाव तिथे पोहोचला की या सगळ्या ऑर्डरी एकदम चालू होतात आणि विकणाऱ्याला हवी तेवढी मागणी मिळते. ती मागणी संपली आणि मागून नवी आली नाही, की भाव वर राहायला आधारच उरत नाही.

पुढची यादी मुख्यतः या एकाच पट्ट्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते मे २०२१ च्या बिटकॉइनवर बेतली आहे. डॉलरमधले आकडे एक्स्चेंजप्रमाणे शंभर-दोनशेने इकडेतिकडे होतात, म्हणून ते ढोबळ धरावेत.

करा : पट्टा आधीच आखून ठेवा

भाव उच्चांकाच्या वर असताना पट्टा आखायला बसलात, तर तो तुमच्या मनासारखा आखला जाईल. म्हणून झेप येण्याआधीच चार आकडे वहीत हवेत. २०२१ मध्ये ते असे होते : २१ फेब्रुवारीचा उच्चांक ५८,३००, २८ फेब्रुवारीचा तळ ४३ हजार, १३ मार्चचा उच्चांक ६१,७००, आणि २५ मार्चचा तळ ५०,३००. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा ठरला, कारण एप्रिलच्या झेपेपूर्वीचा तो शेवटचा मोठा तळ होता. ज्याला तो माहीत होता, त्याला माथ्यानंतर अकरा दिवसांत उत्तर मिळाले.

आकडे लिहिताना त्यांच्यातले अंतरही लिहा. डिसेंबर २०२० च्या मध्याला २० हजारांवर असलेले बिटकॉइन दोन महिन्यांत जवळपास तिप्पट झाले होते. २१ फेब्रुवारीपासून १४ एप्रिलपर्यंतच्या सात आठवड्यांत मात्र उच्चांकाने उच्चांकाला मागे टाकले ते एकूण ११ टक्क्यांनी. बातम्या तशाच जोरात होत्या, खरेदी तशीच चालू होती, पण भाव पूर्वीसारखा सरकत नव्हता. येणारी मागणी कुणीतरी पुरवत होते, असा याचा साधा अर्थ होतो. एवढ्यावर विकायचे नसते. पण लक्ष मात्र इथूनच द्यायचे असते.

टाळा : दिवसाचा बंद भाव वर आला म्हणून ब्रेकआऊट पक्का मानणे

पुस्तकात शिकवतात की दिवसभरात भाव कुठेही जाऊ दे, बंद होताना तो अडथळ्याच्या वर हवा. हा नियम एप्रिलमध्ये फसला. १३, १४ आणि १५ एप्रिल हे तिन्ही दिवस भाव ६१,७०० च्या वर बंद झाला. म्हणजे मार्चच्या उच्चांकाच्या वर सलग तीन दिवस. नियम पाळणाऱ्याने पहिल्याच दिवशी घेतले असेल, आणि अधिक सावध माणसाने तिसऱ्या दिवशी. १७ तारखेला दोघेही तोट्यात होते.

क्रिप्टो बाजार चोवीस तास चालतो. तिथे ‘दिवसाचा बंद भाव’ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीचा भाव, एवढेच. शेअर बाजारात शेवटच्या अर्ध्या तासात मोठ्या संस्थांची खरेदी-विक्री होते, त्यामुळे तिथल्या बंद भावाला वजन असते. इथे ते वजन नाही.

करा : आठवडा बंद होऊ द्या, आणि भाव कुठे राहतो ते पाहा

क्रिप्टोचा आठवडा रविवारी मध्यरात्री संपतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. १८ एप्रिलच्या रविवारी तो ५६,२०० च्या आसपास बंद झाला. ज्या आठवड्यात नवा सर्वोच्च भाव झाला, त्याच आठवड्याची अखेर मार्चच्या उच्चांकाखाली, इतकेच काय, फेब्रुवारीच्या उच्चांकाखाली झाली. अपथ्रस्ट म्हणायला हवी असलेली खूण हीच. ही खूण माथ्यानंतर चार दिवसांनी मिळाली आणि तोवर भाव १३ टक्के खाली आलेला होता. हा उशीर पत्करावाच लागतो. त्याशिवाय खरी झेप आणि फसवी झेप यांत फरक करता येत नाही.

खरी झेप कशी असते ते चार महिने आधीच दिसले होते. १६ डिसेंबर २०२० रोजी बिटकॉइनने २०१७ चा उच्चांक ओलांडून २० हजारांच्या वर पाऊल टाकले. तो आठवडा २३ हजारांच्या वर बंद झाला आणि पुढचा २६ हजारांच्या वर. जुना उच्चांक खाली राहून गेला आणि भाव तिथे पुन्हा आला तो थेट जून २०२२ मध्ये. उच्चांकाच्या वर बसलेला खरेदीदार तोट्यात गेलाच नाही, म्हणून त्याला विकायची घाईही झाली नाही. एप्रिलमध्ये नेमके उलटे घडले. उच्चांकाच्या वर घेतलेला प्रत्येक जण आठवडा संपायच्या आत अडकला, आणि अडकलेला खरेदीदार पुढच्या प्रत्येक उसळीत विक्रेता होतो.

करा : वर नेणारा पैसा स्वतःचा आहे की उसना, ते बघा

यासाठी क्रिप्टोमध्ये एक साधन आहे जे शेअर बाजारात नाही. परपेच्युअल फ्युचर्सना मुदत नसते, त्यामुळे त्यांचा भाव मूळ नाण्याच्या भावाला बांधून ठेवण्यासाठी दर आठ तासांनी एक बाजू दुसऱ्या बाजूला पैसे देते. हा फंडिंग रेट. साधारण परिस्थितीत तो आठ तासांना ०.०१ टक्का असतो. लॉन्ग करणारे फार झाले की तो चढतो आणि लॉन्गवाल्यांना तो भरावा लागतो.

एप्रिलच्या मध्याला तो बऱ्याच ठिकाणी ०.१ टक्क्याच्या घरात होता, म्हणजे नेहमीच्या दहापट. १० लाख रुपयांचा सौदा धरून बसलेल्याला दर आठ तासांना हजार रुपये, दिवसाला तीन हजार रुपये, नुसते बसून राहण्यासाठी द्यावे लागत होते. आणि सौदा १० लाखांचा असला तरी त्यात स्वतःचे पैसे लाखभरच असतील, तर महिन्याभरात ते जवळपास संपणार. असा खरेदीदार थांबू शकत नाही. भाव लगेच वर जावा ही त्याची गरज असते. नाही गेला तर तो आपोआप विक्रेता होतो. १८ एप्रिलच्या पडझडीत एका दिवसात जवळपास १० अब्ज डॉलरचे सौदे एक्स्चेंजनी जबरदस्तीने बंद केले, त्याचे मूळ इथे होते.

मर्यादाही सांगायला हवी. जानेवारी आणि फेब्रुवारीतही फंडिंग अनेकदा असेच तापलेले होते आणि भाव तरीही वर गेला. चढलेला फंडिंग रेट माथा दाखवत नाही. भाव पट्ट्यात परतला तर तो किती वेगाने पडेल, याचा अंदाज तेवढा देतो. म्हणून हा आकडा आठवड्याच्या बंद भावासोबतच वाचावा.

टाळा : चांगल्या बातमीला भाववाढीचे कारण मानणे

पट्ट्याच्या वरच्या टोकाला आलेली चांगली बातमी खरेदीदार गोळा करते. मोठ्या विक्रेत्याला नेमके तेच हवे असते. कॉइनबेसचा शेअर १४ एप्रिलला ३८१ डॉलरला उघडला आणि ३२८ ला बंद झाला. पहिल्याच तासात घेणाऱ्यांची त्याच दिवशी जी गत झाली, ती बिटकॉइन घेणाऱ्यांची चार दिवसांत झाली. १९ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत बिटकॉइन फ्युचर्सवर आधारित पहिला ईटीएफ सुरू झाला, दुसऱ्या दिवशी नवा उच्चांक आला आणि तो आठवडाही खालीच बंद झाला. डिसेंबर २०१७ मध्ये शिकागोच्या सीएमईने बिटकॉइन फ्युचर्स आणले तेव्हा भाव माथ्यावरच होता.

बातमी खोटी असते असे नाही. या तिन्ही घटना क्रिप्टोच्या दृष्टीने खरोखर मोठ्या होत्या. पण त्यांची तारीख सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. ज्याला त्या बातमीवर घ्यायचे होते त्याने तोवर घेतलेले होते, आणि ज्याला विकायचे होते तो त्या दिवसाची वाट पाहत होता.

करा : परतल्यानंतर कोणता तळ तुटतो, ते तपासा

पट्ट्यात परत येणे ही पहिली खूण. तिच्यावर सगळे विकणे घाईचे ठरू शकते. दुसरी खूण खालच्या बाजूला मिळते. १८ एप्रिलला भाव ५१ ते ५२ हजारांपर्यंत जाऊन सावरला. तिथे २५ मार्चचा ५०,३०० चा तळ टिकला, म्हणून अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आठवडा संपायच्या आत भाव त्याखाली गेला आणि २५ एप्रिलला ४७ हजारांवर आला. तो तळ तुटला.

यात विशेष काय, तर फेब्रुवारीच्या घसरणीनंतरचा प्रत्येक मोठा तळ आधीच्या तळाच्या वर होता. खाली आलेला माल घ्यायला दर वेळी थोड्या वरच्या भावाला कुणीतरी उभे होते. या वेळी पहिल्यांदाच ते उभे राहिले नाहीत. उच्चांक मोडून टिकला नाही आणि लगोलग तळही मोडला, या दोन गोष्टी एकत्र आल्या की वाचन बरेच पक्के होते. माथ्यापासून अकरा दिवस गेलेले असतात. उशीर झालेला असतो, पण फार नाही.

टाळा : ‘आता एवढं पडल्यावर काय विकायचं’ असे म्हणणे

पैसे बुडतात ते इथे. माणसाच्या डोक्यात ६४,८०० बसलेले असतात, म्हणून ४९ हजारांना विकणे त्याला नुकसान वाटते. मग त्याची खरेदी भले २० हजारांची असो. दोन दिवसांनी भाव ५४-५५ हजार होतो आणि त्याला वाटते, बरे झाले नाही विकले. पुढच्या दोन आठवड्यांत भाव ५९ हजारांवर येतो. आता तो ६५ हजारांची वाट पाहतो.

करा : दुबळ्या उसळीत विका, आणि तुकड्यांत विका

८ ते १० मे दरम्यान बिटकॉइन ५९,५०० पर्यंत आले आणि तिथून परतले. मार्चचा उच्चांक दोन हजार डॉलरवर होता, तिथवरही ते गेले नाही. माथ्यापासून जवळपास चार आठवडे उलटून गेले होते, तरी भाव माथ्यापेक्षा जेमतेम आठ टक्के खाली होता. उशिरा ओळखणाऱ्याला बाजाराने दिलेली ही सर्वांत चांगली संधी होती. अपथ्रस्टनंतर अशी उसळी बहुतेकदा येते. घसरण पाहून स्वस्तात घेणारे पुढे येतात, शॉर्ट केलेले नफा घेतात आणि भाव काही काळ वर सरकतो. मात्र वर अडकलेले लोक आपल्या भावाला बाहेर पडायला टपून असतात, त्यामुळे ती उसळी आधीच्या उच्चांकांपर्यंत पोहोचत नाही.

समजा, एकाकडे एक बिटकॉइन आहे आणि त्याने ते तीन भागांत विकायचे ठरवले. पहिला भाग आठवडा पट्ट्यात परत बंद झाल्यावर विकला, भाव ५६,२००. दुसरा भाग तळ तुटल्यानंतरच्या उसळीत विकला. वरचे टोक कुणाला सापडत नाही, म्हणून ५७,५०० धरू. तिसरा भाग त्याने राखून ठेवला, आपले वाचन चुकले असेल तर हातात काही असावे म्हणून, आणि ठरवले की आठवडा २५ एप्रिलच्या तळाखाली बंद झाला तर तोही द्यायचा. १६ मेचा आठवडा ४६,५०० च्या आसपास, म्हणजे त्या तळाच्या जरासा खाली, बंद झाला. सोमवारी त्याला ४५ हजार मिळाले असे धरू. तिन्हींची सरासरी ५३ हजारांच्या आसपास येते. माथ्यापेक्षा ती १८ टक्के कमी आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी भाव ३० हजारांवर होता.

या माणसाने माथा कधीच ओळखला नाही. तिन्ही वेळा तो उशिराच होता. पण प्रत्येक खुणेनंतर काय करायचे हे त्याचे आधी ठरलेले होते.

उसळी आलीच नाही तर? तर दुसरा भागही तिसऱ्यासोबत तळाखाली जातो आणि सरासरी ४८-४९ हजारांवर येते. उसळी मिळेलच असे कुणी लिहून दिलेले नसते, म्हणूनच पहिला भाग पहिल्या खुणेला विकायचा.

टाळा : शॉर्ट करून माथा पकडणे

उच्चांकाच्या वर भाव असताना केलेला शॉर्ट हाच त्या झेपेचा दाणागोटा असतो. तुमचा स्टॉप-लॉस जिथे आहे तिथे पोहोचणे हेच झेपेचे काम. ज्याच्याकडे माल आहे त्याने तो विकावा. ज्याच्याकडे नाही त्याने बाजूला राहावे.

टाळा : बिटकॉइन थांबले म्हणून दुसऱ्या नाण्यांत उडी मारणे

एप्रिलच्या मध्यापासून एक गोष्ट फार जोरात चालली. बिटकॉइन ६० हजारांच्या खाली घुटमळत होते आणि पैसा लहान नाण्यांकडे वाहत होता. थट्टेतून जन्मलेले डॉजकॉइन ८ मे रोजी सत्तर सेंटच्या वर गेले. ईथर १२ मे रोजी ४,३०० डॉलरच्या वर पोहोचले. तेजी संपली नाही, फक्त नाणे बदलले, असे त्या दिवसांत वाटणे स्वाभाविक होते. १९ मे रोजी ईथर दोन हजारांखाली जाऊन आले, म्हणजे आठवड्याभरात निम्म्याहून जास्त पडले. डॉजकॉइनची गत त्याहून वाईट झाली.

सगळ्यांत मोठे नाणे उच्चांक गाठू शकत नाही आणि दुय्यम नाणी धावतात, हे तेजीच्या अखेरच्या टप्प्यात वारंवार दिसते. बिटकॉइनमध्ये नफा झालेले लोक त्याहून अधिक जोखीम घ्यायला तयार झालेले असतात, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात राहणाऱ्यांसाठी याला आता आणखी एक बाजू आहे. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर वेगळा, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. पुढच्या वर्षीही नेता येत नाही. बिटकॉइनमध्ये तीन लाख मिळवले आणि ते डॉजमध्ये घालवले, तरी तीन लाखांवर कर भरावाच लागतो. जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएसही कापला जातो. तो परत मिळवता येतो, पण वारंवार आत-बाहेर करणाऱ्याचे भांडवल तोवर अडकून राहते. म्हणून वरच्यासारखे तीन तुकडे ठीक. तीस तुकडे नकोत.

करा : पट्टा डॉलरच्या आलेखावर वाचा

२३ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री खासगी क्रिप्टोचलनांवर बंदी आणणारे विधेयक संसदेत येणार अशी बातमी आली आणि भारतीय एक्स्चेंजवर भाव घाबरून कोसळले. जगात त्याच तासात फारसे काही घडले नव्हते. रुपयांच्या आलेखावर त्या रात्री उमटलेला लांबलचक तळ हा आपल्याकडच्या घबराटीचा होता. त्यावरून कुठला पट्टा तुटला असे म्हणणे चूक ठरले असते.

टाळा : प्रत्येक पट्ट्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणणे

हे वाचन चुकते, आणि महागात चुकते. मार्च २०२४ मध्ये बिटकॉइनने २०२१ चा ६९ हजारांचा उच्चांक ओलांडला, १४ मार्चला ७३,७०० च्या आसपास गेले आणि पुन्हा खाली आले. पुढचे जवळपास आठ महिने भाव बहुतांशी त्या जुन्या उच्चांकाखालीच फिरत राहिला. ५ ऑगस्टला तर ४९ हजारांपर्यंत जाऊन आला. अपथ्रस्ट, दुबळ्या उसळ्या, तुटलेले तळ, सगळे कागदावर जुळत होते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी निवडणुकीच्या निकालानंतर भाव वर सुटला आणि १० नोव्हेंबरचा आठवडा ८० हजारांच्या आसपास बंद झाला. डिसेंबरात एक लाखाचा आकडा ओलांडला गेला.

दोन्हींत फरक होता, आणि तो तेव्हाही दिसू शकत होता. २०२१ मध्ये झेपेपूर्वी सात आठवड्यांचा पट्टा तयार झालेला होता. २०२४ मध्ये भाव उच्चांकापर्यंत थेट चढत आला, मध्ये माल वाटला जाईल असा पट्टाच नव्हता. शिवाय ऑगस्टमध्ये तळ तुटला खरा, पण भाव तिथे राहिला नाही. काही दिवसांत तो पुन्हा पट्ट्यात होता. वर जाऊन न टिकणे जसे खरेदीदारांचे अपयश, तसे खाली जाऊन न टिकणे हे विक्रेत्यांचे अपयश. मे २०२१ मध्ये तळाखाली गेलेला भाव ऑगस्टपर्यंत परतला नव्हता.

आणि २०१७ च्या माथ्याला पट्टाच नव्हता. भाव २० हजारांच्या उंबरठ्यावर गेला आणि पाच दिवसांत एक तृतीयांशाहून जास्त पडला. अशा माथ्यावर ही यादी उपयोगाची नाही.

करा : आपले वाचन कधी मोडीत काढायचे, ती पातळी लिहून ठेवा

अपथ्रस्टचा उच्चांक हीच ती पातळी. त्याच्या वर आठवडा बंद झाला की डिस्ट्रिब्यूशनची गोष्ट संपली, मग कितीही पटलेली असो. २०२४ मध्ये विकलेल्याने हा नियम पाळला असता तर त्याला ८० हजारांना परत घ्यावे लागले असते, ६० ते ६८ हजारांना विकलेला माल. मधले अंतर आणि भरलेला कर ही त्याच्या सावधपणाची किंमत. ही किंमत मान्य नसेल तर पहिल्या खुणेला एक तृतीयांश विकण्याऐवजी एक चतुर्थांश विकावे. पण पातळी लिहिलेली असावी.

हा नियमही फसतो, आणि तो कसा फसतो हे २०२१ च्या उत्तरार्धात दिसले. एप्रिलचा उच्चांक ६४,८००. २० ऑक्टोबरला भाव ६७ हजारांच्या जवळ गेला, पण तो आठवडा ६१ हजारांच्या आसपास बंद झाला. म्हणजे नियमाप्रमाणे घ्यायचे नव्हते. १० नोव्हेंबरला भाव ६९ हजारांवर पोहोचला आणि १४ नोव्हेंबरचा आठवडा ६५,५०० च्या आसपास, एप्रिलच्या उच्चांकाच्या थोडा वर, बंद झाला. नियमाप्रमाणे इथे घ्यायला हवे होते. पुढचाच आठवडा ५८,७०० ला बंद झाला. म्हणजे एप्रिलच्या पट्ट्यावरून शिकलेल्या माणसाला नोव्हेंबरमध्ये आठवड्याच्या बंद भावानेही फसवले, आणि त्याचे दहा टक्के गेले. पण आता त्याच्यापुढे तीच पहिली खूण होती, तीही दुप्पट मोठ्या पट्ट्यावर : नवा उच्चांक, आणि लगेचच्या आठवड्यात त्याच्या खाली बंद. महिनाअखेरीस भाव ५४ हजारांपर्यंत जाऊन ५९ हजारांपर्यंत परत आला. ती उसळी मे महिन्यातल्यासारखीच दुबळी होती आणि तिच्यात विकता येत होते. ४ डिसेंबरच्या शनिवारी बिटकॉइन काही तासांत ४२ हजारांवर आले.